बाटली दाबून झाकण लावलं, तर गॅस टिकतो का?

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुचलाय. आपला एक श्रोता आहे, तिघा मित्रांबरोबर रूम करून राहतो. तो म्हणतो, "दादा, आम्ही शनिवारी कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली आणतो. अर्धी त्याच रात्री संपते, अर्धी उरते. आमच्यातला एक जण बाटली हाताने दाबतो, आतली हवा बाहेर काढतो आणि मग झाकण लावतो. म्हणतो, आत जागाच ठेवली नाही तर गॅस जाणार कुठे? दुसरा म्हणतो, येडा आहेस का, बाटली फुगलेलीच ठेव, आत दाब राहू दे. रविवारी संध्याकाळी उघडली की मात्र दोघांच्याही पद्धतीने साखरेचं पाणीच मिळतं. आता पैज लागलीय. हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ द्यायची. कोण बरोबर?"

तर आज ही पैज निकालात काढायची. पण त्यासाठी आधी बाटलीच्या आत डोकावायला लागेल.

एक लिटर कोल्ड्रिंक घ्या. कंपनीत भरताना त्यात साधारण सात ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला असतो. पेयानुसार थोडं कमीजास्त होतं, पण कोलासारख्या पेयाला सात हा आकडा धरून चाला. सात ग्रॅम म्हणजे काय, एक मोठा चमचा साखरही नाही, असं वाटेल. पण वायू फार हलका असतो. हाच सात ग्रॅम गॅस मोकळा सोडला तर साडेतीन लिटरपेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणजे एक लिटर पाण्यात साडेतीन लिटर गॅस कोंबून बसवलाय. आणि बाटली बंद असताना तुम्हाला एकही बुडबुडा दिसत नाही. पाणी स्वच्छ, शांत. गॅस बुडबुड्यांच्या रूपात लपलेला नसतो, तो पाण्याच्या रेणूंमध्ये एकेक रेणू होऊन मिसळलेला असतो. मिठाच्या पाण्यात मीठ दिसत नाही ना, तसंच.

मग तो तिथे राहतो कशामुळे? इथे एक चित्र डोळ्यांसमोर आणा. द्रवाचा पृष्ठभाग म्हणजे एक उघडं दार आहे. दाराच्या वर, झाकणाखालच्या मोकळ्या जागेत, गॅसचे रेणू सैरावैरा धावतायत. त्यातले काही दारावर आपटतात आणि पाण्यात शिरतात. खाली पाण्यातले काही रेणू पृष्ठभागाशी येतात आणि वर निसटतात. हे येणं-जाणं बंद बाटलीतही चोवीस तास चालू असतं, एक क्षणही थांबत नाही. आता किती आत येतील? वर गर्दी जितकी, तितके. किती बाहेर जातील? खाली गर्दी जितकी, तितके. जेव्हा आत येणारे आणि बाहेर जाणारे सारखे होतात, तेव्हा हिशोब जमतो. यालाच समतोल म्हणायचं.

आता वरची गर्दी दुप्पट करा, म्हणजे गॅसचा दाब दुप्पट करा. आत येणारे दुप्पट झाले. मग बाहेर जाणारेही दुप्पट होईपर्यंत पाण्यातला गॅस वाढत जाणार. म्हणजे विरघळलेला गॅस दुप्पट. दाब तिप्पट, तर गॅस तिप्पट. एवढं सरळ. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ साली हे प्रयोगाने दाखवलं, म्हणून याला हेन्रीचा नियम म्हणतात. अकरावी-बारावीत तुम्ही तो पाठ केला असेल, आज तो वापरूया.

वापरायला एकच आकडा लागतो. फ्रिजमधलं पाणी, समजा पाच अंश सेल्सिअस. त्याच्या वर शुद्ध कार्बन डायऑक्साइड आहे आणि त्याचा दाब आपल्या आजूबाजूच्या हवेच्या दाबाइतकाच आहे. अशा वेळी एक लिटर पाण्यात साधारण २.८ ग्रॅम गॅस विरघळून राहतो. (साखरेमुळे हा आकडा थोडा कमी होतो, पण आपल्या पैजेला ढोबळ हिशोब पुरेसा आहे.) आपल्याला तर सात ग्रॅम ठेवायचाय. मग सातला २.८ ने भागा. अडीच. म्हणजे थंड बाटलीत, झाकणाखाली, हवेच्या अडीचपट दाबाने गॅस बसलेला असतो. तो वर आहे म्हणून खालचा सात ग्रॅम जागेवर आहे.

आता झाकण फिरवा. फिस्स्स! तो आवाज म्हणजे वरची गर्दी पळाली. तिच्या जागी आली बाहेरची हवा. आणि आपल्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती? जेमतेम ०.०४ टक्के. म्हणजे दारावर आत यायला जवळपास कुणीच उरलं नाही, आणि खालून बाहेर जाणाऱ्यांची रांग मात्र तशीच. उघडी बाटली अशीच ठेवली तर शेवट कुठे होणार? हवेतल्या त्या इवल्याशा कार्बन डायऑक्साइडशी समतोल साधून. तो हिशोब केला तर लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम येतो. सात ग्रॅमवरून एक मिलिग्रॅमवर! कोल्ड्रिंकचा गॅस "उडतो" म्हणजे त्यात काही बिघडत नाही. ते फक्त बाहेरच्या हवेशी जुळवून घेतं.

आता तुम्ही म्हणाल, मग झाकण उघडल्या उघडल्या सगळा गॅस एकदम का नाही जात? ग्लासात ओतल्यावर दहा मिनिटं, पंधरा मिनिटं बुडबुडे येत राहतात. याचं कारण फार मजेशीर आहे. बुडबुड्याला जन्म घेणं अवघड असतं.

बुडबुडा म्हणजे पाण्यात पाडलेली पोकळी. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, तो ही पोकळी मिटवायला बघतो. आणि पोकळी जितकी लहान, तितकी ती जोरात मिटवली जाते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी त्रिज्या असलेला बुडबुडा घ्या. त्याला नुसत्या या ताणामुळे हवेच्या दाबाच्या जवळपास दीडपट जादा दाब सोसावा लागतो. म्हणजे पाण्याच्या मधोमध, शून्यातून जन्मलेला बुडबुडा जन्मतःच चिरडला जातो. मग बुडबुडे येतात कुठून? जिथे आधीच हवेचा एखादा बारीक कण अडकून बसलाय तिथून. ग्लास ज्या कपड्याने पुसला त्याचा तंतू, काचेवरचा ओरखडा, बर्फाचा खडबडीतपणा. निरखून बघा, ग्लासात बुडबुड्यांची माळ नेहमी एकाच ठिपक्यातून वर येते. तिथे असाच एखादा तंतू चिकटलेला असतो. तिथे तयार पोकळी आहे, गॅस तिच्यात शिरतो, बुडबुडा मोठा होतो, सुटतो, आणि मागे पुढच्यासाठी थोडी हवा ठेवून जातो. बाटली हलवली की फसफसून येते तेही यामुळेच. हलवताना वरच्या जागेतला गॅस बारीक बारीक बुडबुड्यांच्या रूपात सगळीकडे पसरतो. मग उघडल्यावर प्रत्येक बुडबुडा म्हणजे एक तयार दार.

म्हणजे गॅसला बाहेर पडायला दोन रस्ते आहेत. एक, बुडबुड्यांचा, दिसणारा आणि वेगवान. दुसरा, वरच्या पृष्ठभागातून एकेक रेणू निसटण्याचा, न दिसणारा आणि संथ. हे दोन रस्ते लक्षात ठेवा, कारण पैजेचा निकाल इथेच लपलाय.

बुडबुड्याला टिकायचं असेल तर आतून त्याला बाहेरच्या एकूण दाबाला तोंड द्यावं लागतं. त्या दाबात हवा असो, गॅस असो, सगळं धरून. पण पृष्ठभागाच्या रस्त्याला हवेशी काही देणंघेणं नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू बाहेर जाणार की आत येणार, हे फक्त वर कार्बन डायऑक्साइड किती आहे यावर ठरतं. वर नायट्रोजन आणि ऑक्सिजन कितीही कोंबा, ते दारावर आपटतील, पण ते कार्बन डायऑक्साइडचे रेणू थोडेच आहेत! मिश्रणातल्या एका वायूच्या स्वतःच्या वाट्याच्या दाबाला आंशिक दाब म्हणतात. हेन्रीच्या नियमात लागतो तो हा आंशिक दाब, एकूण दाब नव्हे. ही एक गोष्ट कळली की पुढचं सगळं सोपं.

चला, आता रूमवर जाऊया. दोन लिटरची बाटली, एक लिटर पिऊन झालंय. ओतताना, बाटली उघडी राहिल्यामुळे थोडा गॅस गेला. समजा उरलेल्या एक लिटरमध्ये सहा ग्रॅम आहे. वर एक लिटर मोकळी जागा.

आधी दुसऱ्या मित्राची पद्धत. बाटली न दाबता झाकण लावलं, फ्रिजमध्ये ठेवली. वरच्या जागेत साधी हवा आहे, कार्बन डायऑक्साइड जवळपास नाही. मग गॅस खालून वर येऊ लागतो. किती येईल? वरच्या जागेत आणि द्रवात समतोल होईपर्यंत. पाच अंशांना, हवेइतक्या दाबाचा कार्बन डायऑक्साइड एक लिटर जागेत १.९ ग्रॅम मावतो आणि एक लिटर द्रवात २.८ ग्रॅम. म्हणजे दोघं मिळून ४.७. आपल्याकडे सहा ग्रॅम आहेत. सहाला ४.७ ने भागलं, आला जवळपास १.३. तर गॅसचा आंशिक दाब हवेच्या १.३ पट होणार. द्रवात उरले साडेतीन ग्रॅम, वरच्या जागेत गेले अडीच.

बघा, झाकण घट्ट आहे, बाटलीतून बाहेर काहीही गेलेलं नाही, तरी पेयातला चाळीस टक्के गॅस गेला. तो बाटलीतच आहे, पण तुमच्या घोटात नाही. आणि रविवारी झाकण उघडलं की वरच्या जागेतला बहुतेक गॅस फिस्स करून उडणार. मग पुन्हा झाकण, पुन्हा मोकळी जागा, पुन्हा वाटणी. दरवेळी बाटलीतली रिकामी जागा आधीपेक्षा मोठी, आणि तिचा वाटाही मोठा. सपक व्हायला इतकं पुरेसं आहे.

आता पहिल्या मित्राची पद्धत. त्याने बाटली दाबली, हवा काढली, झाकण लावलं. आत फक्त द्रव, रिकामी जागा जवळपास शून्य. बरोबर वाटतं ना? पण बाटली प्लास्टिकची आहे, तिला स्वतःच्या आकारात परत यायचंय. आणि द्रवातला गॅस तर तिला आतून ढकलायला तयारच बसलाय. इथे तर वर हवासुद्धा नाही, त्यामुळे बुडबुड्यांना अडवणारा दाब कमी. गॅस भराभर बाहेर येतो, बाटलीच्या भिंती टॉक टॉक करत बाहेर येतात, आणि काही वेळात बाटली पुन्हा गोल. आत एक लिटर जागा तयार, फक्त ती आता शुद्ध कार्बन डायऑक्साइडने भरलेली. आणि हिशोब? तोच. सहा भागिले ४.७. आंशिक दाब १.३ पट, द्रवात साडेतीन ग्रॅम.

म्हणजे मंडळी, सकाळपर्यंत दोघांच्या बाटलीत सारखाच गॅस उरतो. फरक इतकाच की न दाबलेली बाटली हाताला जास्त कडक लागते, कारण तिच्यात गॅसच्या दाबाच्या वर आधीच्या हवेचाही दाब आहे. हाताला कडक लागली म्हणजे पेयात गॅस जास्त, असा अर्थ नाही. आणि तासाभरातच पुन्हा प्यायची असेल तर न दाबलेली बरी, कारण दाबलेल्या बाटलीत गॅस लवकर निसटतो. दाबणाऱ्याची युक्ती फक्त एका परिस्थितीत चालेल. बाटली दाबलेलीच राहिली पाहिजे, म्हणजे तिला कशाने तरी आवळून धरायला हवं. हातानं दाबून सोडलेली बाटली तशी राहत नाही.

आता याच न्यायाने अजून एका वस्तूचा निकाल लावता येतो. बाजारात बाटलीला लावायचं पंपवालं झाकण मिळतं. त्याने आत हवा भरायची, बाटली दगडासारखी कडक होते. पण भरली काय? हवा. तिच्यात कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के. एकूण दाब वाढला, त्यामुळे बुडबुडे दबले, पहिल्या काही तासांत गॅस सावकाश जाईल. पण समतोल कुठे होणार? तिथेच. पृष्ठभागाच्या संथ रस्त्याला त्या पंपाने काही फरक पडत नाही.

मग पैज कोण जिंकलं? माझ्या मते, मिसळ दोघांनी निम्मी निम्मी द्यावी.

पण थांबा, आपण फ्रिजचा हिशोब केला. हीच बाटली बाहेर, तीस अंशांच्या खोलीत राहिली असती तर?

इथे तापमानाची गोष्ट येते, आणि वायू इथे साखरेच्या उलट वागतात. चहा गरम असताना साखर पटकन आणि जास्त विरघळते. वायूचं तसं नाही. पाण्यात आलेला वायूचा रेणू पाण्याच्या रेणूंना हलकासा धरून असतो, आणि ही पकड जमताना थोडी उष्णता बाहेर पडते. आता पाणी तापवलं की सगळ्यांची धावपळ वाढते, ती सैल पकड सुटते, आणि दारातून बाहेर जाणाऱ्यांची संख्या वाढते. स्वयंपाकघरात हे रोज दिसतं. पातेल्यात पाणी तापत ठेवलं की उकळायच्या कितीतरी आधी तळाशी बारीक बुडबुडे चिकटतात. ती वाफ नसते, ती नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा असते, जिला गरम पाण्यात राहवत नाही.

कार्बन डायऑक्साइडचे आकडे असे. हवेइतक्या दाबाला एक लिटर पाण्यात, शून्य अंशांना साधारण ३.३ ग्रॅम, पाच अंशांना २.८, वीस अंशांना १.७, तीस अंशांना जेमतेम १.३, आणि पस्तीसला १.१. फ्रिजमधून खोलीत आलं की धरून ठेवायची ताकद निम्म्याहून कमी.

आता आपली उरलेली बाटली तीस अंशांना मोजूया. द्रवाचे १.३ आणि वरच्या जागेचे साधारण १.८, मिळून ३.१. सहाला ३.१ ने भागलं, जवळपास १.९ पट दाब. बाटली फ्रिजपेक्षा कितीतरी कडक लागेल! पण द्रवात उरले फक्त अडीच ग्रॅम. निम्म्याहून जास्त गॅस वरच्या जागेत. कडक बाटली, सपक पेय.

तापमानाचं हे गणित पैशात कसं मोजलं जातं, ते मी माझ्या मावसभावाच्या गाडीवर बघितलंय. त्याची अकोल्यात लिंबू सोड्याची गाडी आहे. मशीन, पाण्याची टाकी आणि बाजूला कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर. तुम्हाला माहितीय, अकोल्याचा मे महिना कसा असतो. पारा पंचेचाळीसच्या आसपास. धंद्याचा खरा सीझन तोच, आणि त्याच महिन्यात त्याची तक्रार असायची की सिलेंडर लवकर संपतोय आणि गिऱ्हाईक तरी म्हणतंय, "भाऊ, सोडा फुसका आहे." त्याला वाटायचं, गॅसवाला सिलेंडर कमी भरून देतो.

मी गाडीवर उभा राहून बघत होतो. ग्लासात सोडा सोडला की ग्लास भरून फेस यायचा, तो बसला की खाली अर्धा ग्लास निपचित पाणी. मग तो पुन्हा सोडा सोडायचा. फेस म्हणजे काय? विकत घेतलेला गॅस, जो गिऱ्हाइकाच्या तोंडात न जाता हवेत गेला. मी टाकीतल्या पाण्यात बोट घातलं, पाणी कोमट!

हिशोब बघा. समजा मशीनमध्ये गॅसचा दाब हवेच्या पाचपट आहे. पाणी पाच अंशांना असेल तर लिटरमागे चौदा ग्रॅम गॅस मावेल. पस्तीस अंशांना? साडेपाच. दाब तोच, सिलेंडर तोच, मोटर तीच. आणि तो साडेपाच ग्रॅमसुद्धा ग्लासात आल्यावर टिकत नाही. कोमट पाण्याला उघड्यावर बुडबुडे न सोडता १.१ ग्रॅमच धरता येतो, वरचा सगळा गॅस फेस होऊन जातो. तो म्हणाला, "मी ग्लासात बर्फ टाकतोच की." पण तोवर उशीर झालेला असतो. गॅस मिसळताना पाणी गरम होतं, तेव्हा तो आत शिरलाच नाही. वर बर्फाच्या खडबडीत पृष्ठभागावर नवे बुडबुडे जन्मतात ते वेगळंच. बर्फ ग्लासात टाकण्याआधी त्याची गरज टाकीला आहे. पाणी आधी गार करायचं, मग गॅस द्यायचा. त्याने टाकीभोवती बर्फाचा डबा बसवला, ग्लासही बर्फात पालथे घालून ठेवायला लागला. फेस कमी झाला, "फुसका" म्हणणं थांबलं, आणि गॅसवाल्याशी होणारं भांडणही मिटलं.

तापमानाचा एक धोकाही सांगतो, कारण उन्हाळ्यात हे होतं. न उघडलेल्या बाटलीत रिकामी जागा अगदी कमी असते, त्यामुळे सात ग्रॅमला कुठे जाताच येत नाही. पाच अंशांना आतला दाब अडीचपट होता. तीस अंशांना तोच पाचपटीच्या पुढे जातो. बाहेरच्या हवेचा एक पट वजा केला तरी तो कारच्या टायरमधल्या दाबाच्या जवळपास दुप्पट. प्लास्टिकची बाटली एवढं सहन करायलाच बनवलेली असते. पण काचेची सोडा बाटली, तिच्यावर जुना ओरखडा किंवा टवका, आणि ती उन्हात ठेवलेल्या क्रेटमध्ये, हे जीवावर बेतू शकतं. काच फुटते तेव्हा तुकडे लांब उडतात. सोड्याची काचेची बाटली उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, आणि तापलेली बाटली तोंडाजवळ धरून उघडू नका.

यावरून आपली गोटी सोडा आठवली का? ती बाटली इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला काढली. तिला बूच नाही, झाकण नाही. गळ्यात एक काचेची गोटी आणि वर रबराची रिंग. भरताना बाटली उलटी धरतात, गोटी रिंगवर येऊन बसते, आणि मग आतला गॅसचाच दाब तिला वर दाबून धरतो. म्हणजे ज्या गॅसला कोंडायचं, त्यालाच कुलूप केलं. आणि ते कुलूपच दाब सांगतं. गॅस पुरेसा असेल तर अंगठ्याने जोर लावावा लागतो आणि ठणदिशी आवाज येतो. गोटी हलक्या हाताने खाली गेली, तर समजा आतला सोडा आधीच थकलाय.

आता व्यवहाराचं. उरलेलं कोल्ड्रिंक टिकवायचं कसं? हेन्रीच्या हिशोबात आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत. वरची रिकामी जागा कमी करा, आणि थंड ठेवा. एक लिटर उरलंय ना, मग ते एक लिटरच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा. ओतताना पेय एकदम गार हवं, बाटली तिरकी धरायची, धार आतल्या भिंतीवरून सोडायची, म्हणजे हवा मिसळून बुडबुडे होत नाहीत. समजा ओतण्यात अर्धा ग्रॅम गेला, साडेपाच राहिले. वर फक्त पन्नास मिलिलिटर जागा. हिशोब केला तर द्रवात ५.३ ग्रॅम टिकतात. मोठ्या बाटलीतल्या साडेतीनशी तुलना करा. याहून सोपा उपाय म्हणजे दोन लिटरच्या एका बाटलीऐवजी छोट्या बाटल्या आणणं. थोड्या महाग पडतात, पण अर्धी बाटली बेसिनमध्ये ओतण्यापेक्षा बऱ्या.

आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. घरात किंवा ओळखीत एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा असतो. पाऊण लिटरची न उघडलेली गार बाटली घ्या. तिच्यात साधारण पाच ग्रॅम गॅस असणार. बाहेरून कोरडी पुसा, वजन लिहून ठेवा. मग झाकण अगदी हळू सैल करा, गॅस जाऊ द्या, पुन्हा लावा, हलवा, थांबा, पुन्हा सैल करा. एक थेंबही सांडू द्यायचा नाही. असं सात-आठ वेळा करा. बाटली खोलीच्या तापमानाला आली की पुन्हा कोरडी पुसून वजन करा. मी केलं तेव्हा काटा चार ग्रॅमने खाली आला. डोळ्यांना न दिसणारा गॅस काट्यावर दिसतो, याची गंमत वेगळीच आहे. पाचपैकी एक ग्रॅम कुठे राहिला? बुडबुड्यांचा रस्ता बंद झाल्यावर जो खोलीच्या तापमानाला आत टिकतो, तो. उघडी ठेवली तर तोही जाईल, पण गुपचूप, पृष्ठभागातून. म्हणून ग्लासात बुडबुडे थांबले म्हणजे गॅस संपला असं नसतं. गार पेयात तेव्हाही लिटरमागे पावणेतीन ग्रॅम शिल्लक असतो. तोच घोट जिभेवर गरम झाला की पुन्हा चुरचुरतो.

तर रूमवरच्या मंडळींनो, पुढच्या शनिवारी दोन बाटल्यांवर हा प्रयोग करा, एक दाबून, एक न दाबता, रात्रभर फ्रिजमध्ये. रविवारी कुठली कुठली आहे हे न सांगता चौथ्या मित्राला चाखायला द्या. त्याला फरक ओळखता आला, तर मला व्हॉइस नोट पाठवा, आणि बाटली आवळून कशाने धरली होती तेही सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर बाटलीचं झाकण घट्ट लावा आणि काळजी घ्या!